बारा दात्यांच्या पिनियनची अडचण

छोट्या डीसी मोटरला वेग भरपूर असतो, जोर मात्र बेताचा. खेळण्यातली गाडी चढावर न्यायची असेल, तर वेग चौपट कमी करून त्या बदल्यात जोर वाढवून घ्यावा लागतो. सरळ दात्यांच्या दोन गिअरांनी हे एका टप्प्यात जमतं: मोटरवर 12 दात्यांचं पिनियन, समोर 48 दात्यांचा मोठा गिअर. दोन्ही थ्रीडी प्रिंटरवर काढायचे आहेत असं धरू.

आधी मोड्यूल ठरवायचं. दात्यांची संख्या गुणिले मोड्यूल म्हणजे गिअरचा पिच व्यास, मिलिमीटरमध्ये. मोड्यूल जितकं मोठं तितका दाता जाड, आणि जोडीतल्या दोन्ही गिअरांचं मोड्यूल एकच हवं. आपण 1 घेऊ. पिच व्यास आले 12 आणि 48 मिमी. दोन शाफ्टमधलं अंतर त्यांच्या बेरजेच्या निम्मं, म्हणजे 30 मिमी. दाता पिच वर्तुळाच्या बाहेर एक मोड्यूल जातो, म्हणून मोठ्या गिअरचा बाहेरचा व्यास 50 मिमी.

आता दात्याचा आकार. रिळाचा दोरा ताणून धरत सोडवत गेलं, तर दोऱ्याचं टोक हवेत जी वक्ररेषा काढतं, ती इन्व्होल्यूट. रीळ म्हणजे गिअरचं पायाचं वर्तुळ. गिअरच्या दात्यांसाठी ही रेषा 18व्या शतकात लिओनार्ड ऑयलरने सुचवली. तिचा गुण असा की दोन दाते एकमेकांवरून सरकताना स्पर्शाचा बिंदू कायम एकाच सरळ रेषेवर चालतो, त्यामुळे मोठा गिअर मध्येच जलद, मध्येच सावकाश असा फिरत नाही. त्या रेषेचा कल म्हणजे दाबकोन, हल्ली बहुतेक ठिकाणी 20 अंश.

दुसरा गुण हौशी माणसाच्या जास्त कामाचा. भोकं थोडी चुकून अंतर 30 ऐवजी 30.2 मिमी झालं, तरी वेगाचं प्रमाण तंतोतंत 1:4 च राहतं. दाबकोन 21 अंशांच्या आसपास जातो आणि दात्यांमधली फट सुमारे 0.15 मिमीने वाढते, इतकंच. प्रिंट केलेल्या गिअरांना एवढा मोकळेपणा उलट हवाच असतो. 0.2 मिमी कमी झालं, तर मात्र जोडी आवळून बसते.

खरी अडचण पिनियनची. दोरा रिळाच्या आत जाऊ शकत नाही, तशी इन्व्होल्यूटही पायाच्या वर्तुळाच्या आत नसते. आपल्या पिनियनचं पायाचं वर्तुळ 11.28 मिमीचं, पण दात्याच्या मुळाशी व्यास 9.5 मिमी. मोठ्या गिअरच्या दात्याचं टोक या इन्व्होल्यूट नसलेल्या भागात घुसतं. हिशेब केला तर हा गिअर बाहेरून 49.55 मिमीपेक्षा मोठा चालत नाही, आणि आपला आहे 50. कारखान्यात दाते कापणारा हॉबिंग कटर पिनियनचं मूळच कोरून टाकतो. टक्कर टळते, पण दाता कमरेत बारीक होऊन तिथेच तुटतो. 20 अंशांच्या प्रमाणित दात्याला हा त्रास टाळायला किमान 17 दाते लागतात. प्रिंटरवर कोणी कोरत नाही. सॉफ्टवेअरने मुळाशी नुसत्या सरळ रेषा काढल्या असतील, तर प्रत्येक दात्याला जोडी अडखळते.

17 आणि 68 दाते घेतले तर प्रश्न मिटतो, पण अंतर 42.5 मिमी होतं. डबा लहान ठेवायचा तर प्रोफाइल शिफ्ट वापरावी, माझा कौल तिलाच. पिनियनचे दाते 0.3 मोड्यूल बाहेर सरकवायचे, मोठ्या गिअरचे तेवढेच आत. गिअर काढणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा थेट भरता येतो: एकाला 0.3, दुसऱ्याला -0.3. अंतर 30 मिमीच राहतं. पिनियन बाहेरून 14.6 मिमी होतं, दाते मुळाशी जाड होतात, आणि मोठा गिअर येतो 49.4 वर, मर्यादेच्या जेमतेम आत. किंमत एवढीच की पिनियनच्या दात्याचं टोक 0.44 मिमीपर्यंत निमुळतं होतं, म्हणजे 0.4 मिमी नोझलची एकच रेघ. ते ठिसूळ वाटलं तर मोड्यूल 1.5 घ्यावं, अंतर 45 मिमी होईल.

जोडणी तपासायला वहीच्या कागदाची पट्टी दात्यांमध्ये घालून हाताने फिरवावी. पट्टीवर नागमोडी घड्या पडाव्यात, पण ती फाटू नये. कुठे जड लागलं तर मोजावं: मोठ्या गिअरच्या एका फेरीत एकदाच जड गेलं तर त्याचं भोक मध्यावर नाही, चार वेळा गेलं तर पिनियनचं.