बाकावर खरा, फळ्यावर खोटा

वर्गातला उजेड मोजताना लक्समीटरचा सेन्सर बाकावर आडवा ठेवला की आकडा सहसा ठीक येतो. घोळ होतो तो फळ्यावर.

बाकावर बराचसा प्रकाश वरून, जवळजवळ सरळ पडतो. फळा मात्र उभा. समजा, फळ्यापासून ६० सेंटिमीटर पुढे छताला दिव्यांची ओळ आहे आणि फळ्याची खालची कड दिव्यांपासून सव्वादोन मीटर खाली आहे. तिथे प्रकाश फळ्याच्या लंबाशी सुमारे ७५ अंशांचा कोन करून, अगदी घसटत येतो. तिरका प्रकाश जास्त जागेवर पसरतो, म्हणून उजेड कोनाच्या कोसाइनच्या प्रमाणात घटतो: ६० अंशांना निम्मा, ७५ अंशांना जेमतेम २६ टक्के. मीटरनेही नेमकी एवढीच घट दाखवायला हवी. पण इतका तिरका प्रकाश सेन्सरवरच्या सपाट पांढऱ्या चकतीवरून बराचसा परावर्तित होतो, आत पोचतच नाही. म्हणून चांगल्या सेन्सरवर चकतीऐवजी छोटा घुमट असतो किंवा चकती कडेपेक्षा किंचित वर आलेली असते. मोबाइलचा सेन्सर तर काचेमागे दडलेला. फळ्यासाठी तो नकोच.

मीटरची परीक्षा अंधाऱ्या खोलीत घेता येते. एकच लहान दिवा दोन मीटरवर ठेवा. सेन्सर समोर धरून २०० लक्स आले, तर तो जागेवरच ६० अंश फिरवल्यावर १०० आणि ७५ अंशांवर ५२ यायला हवेत. एखादा मीटर २००, ९७ आणि ४१ दाखवतो. म्हणजे ६० अंशांपर्यंत तो बरा, ७५ ला वीस टक्क्यांहून जास्त कमी. अर्थात फळ्यावरच्या आकड्याला सरसकट या हिशेबाने वाढवू नका. भिंतींवरून उसळून येणारा प्रकाश वेगवेगळ्या कोनांतून येतो.

दुसरी चूक दिव्याच्या जातीची, आणि ती असं फिरवून पकडता येत नाही. लक्समीटर बहुधा २८५६ केल्विनच्या टंगस्टन दिव्याखाली जुळवतात. त्यात निळा प्रकाश फार थोडा. पांढऱ्या एलईडीत मात्र ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचं ठळक शिखर असतं, आणि तिथे डोळ्याची संवेदना हिरव्या शिखराच्या चार टक्केच. मीटरच्या फिल्टरने तिथे आठ टक्के धरले, तर टंगस्टनखाली कुणाला पत्ता लागत नाही, एलईडीखाली आकडा फुगतो. काही मीटरवर एलईडीसाठी वेगळं बटण असतं. नसेल तर माहितीपुस्तिकेतला गुणक वापरावा.

गुणक एकाच जातीच्या प्रकाशाला चालतो, खिडकीतून ऊन येत असेल तर नाही. मग दिवे लावून आणि लगेच बंद करून, असं दोनदा मोजा. वजाबाकी आली ती दिव्यांची, गुणक तिलाच लावा. मधे ढग आला तर पुन्हा पहिल्यापासून. त्यापेक्षा अंधार पडल्यावर गेलेलं बरं.