पुन्हा केलेला अभ्यास म्हणजे नक्कल नव्हे

"छापून आलेला अभ्यास पुन्हा करणं म्हणजे कॉपी. प्रोजेक्टला विषय नवाच हवा."

कॉपी होते ती मजकुराची किंवा आकड्यांची. इथे पद्धत जुनी असते, पण माणसं आणि नोंदी तुमच्या असतात. नव्या अभ्यासात प्रश्नावली तयार करून तपासण्यातच बहुतेक सत्र जातं. जुन्या अभ्यासात ती तयार मिळते.

अभ्यास पुन्हा करायचा की नाही, हा खरा निर्णय माणसांच्या संख्येवर ठरतो. समजा, मूळ अभ्यासात २०-२० जणांचे दोन गट होते आणि p, म्हणजे खरा फरक नसतानाही योगायोगाने एवढा किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता, जेमतेम ०.०५ आला. परिणाम अगदी तेवढाच खरा असला, तरी पुन्हा २०-२० जण घेतल्यावर तो सार्थ दिसण्याची, म्हणजे p ०.०५ च्या आत येण्याची, शक्यता साधारण निम्मीच. ती ८० टक्क्यांवर न्यायला प्रत्येक गटात सुमारे ४० जण लागतात. G*Power या मोफत सॉफ्टवेअरमध्ये परिणामाचा आकार, म्हणजे गटांतला फरक प्रमाण विचलनाच्या किती पट, ०.६४ टाकून हे पडताळता येतं. शिवाय छोट्या अभ्यासांतले छापलेले परिणाम बहुधा फुगलेले असतात, म्हणून ४० हा आकडा मी किमानच मानेन.

एवढे जण मिळत नसतील, तर तो अभ्यास सोडा. प्रत्येकाला दोन्ही स्थितींत मोजता येईल अशी नवी रचना करा. तिला बरेच कमी लोक पुरतात.