गाय लपवायची की नजर वळवायची?

इंदूरची सकाळ. राजवाड्याजवळच्या ठेल्यावर काका पोह्यांची प्लेट घेऊन उभे, वर शेव आणि जिरावण मसाला. तारेवरच्या कावळ्याचा प्लेटवर डोळा. काका हुशारी करून प्लेट पाठीमागे धरतात. कावळा कंटाळून उडून जातो. काका ऐटीत प्लेट पुढे आणतात, तर ती चाटूनपुसून साफ! मागे गाय.

हा दहा सेकंदांचा अ‍ॅनिमेशनमधला विनोदी प्रसंग, म्हणजे गॅग, माझ्या एका विद्यार्थिनीने दोनदा रचला. पहिल्या अ‍ॅनिमॅटिकमध्ये, म्हणजे चित्रांच्या कच्च्या हलत्या आराखड्यात, गाय फ्रेमबाहेर होती, शेवटी कॅमेरा मागे सरकल्यावर दिसायची. "आधी दिसलीच नाही तर धक्का जास्त बसेल ना, सर?" धक्का बसला खरा, पण वर्गात कुणी हसलं नाही. "ही गाय आली कुठून?" एवढंच विचारलं.

हे झालं लपवणं. त्यात माहिती प्रेक्षकापर्यंत पोचतच नाही. दिशाभूल वेगळी: माहिती डोळ्यांसमोर असते, फक्त नजर दुसरीकडे गुंतलेली असते. लपवलं की प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटतं. दिशाभुलीत तो स्वतःवरच हसतो.

दुसऱ्या खेपेला गाय पहिल्या फ्रेमपासून काकांच्या मागे उभी केली, राखाडी भिंतीसमोर राखाडीच. नजर हालचालीकडे, ठळक रंगफरकाकडे आणि पात्र जिकडे बघतं तिकडे जाते. म्हणून काळाकुट्ट कावळा उजळ आकाशावर ठेवला, काकांना त्याच्याकडेच बघायला लावलं, आणि गायीला जवळजवळ स्थिर ठेवलं. तिचं तोंड प्लेटकडे वळतं ते नेमकं कावळा पंख फडफडवतो तेव्हा. मांडणीतली खरी गंमत मला इथे वाटते: कावळ्यापासून प्लेट वाचवणं म्हणजेच ती गायीच्या तोंडाशी नेणं. काकांची हुशारीच त्यांच्या अंगाशी येते.

उलगड्यानंतर मात्र घाई झाली होती. प्लेट पुढे येताच काकांचे डोळे विस्फारत होते, म्हणजे आपण प्लेट बघायची की चेहरा? सेकंदाला 24 फ्रेमच्या हिशेबाने रिकाम्या प्लेटवर आधी 12 फ्रेम दिल्या. मग काका 16 फ्रेम थिजलेले, मध्ये एकदाच पापणी लवते. चित्र अगदीच गोठलं तर व्हिडिओ अडकल्यासारखा वाटतो, म्हणून ती पापणी. त्यानंतर मान खाली दबते आणि सगळं अंग ताणून वर उसळतं. हशा येतो तो बहुतेकदा त्या थिजण्यात, उसळीत नव्हे.

फरक ओळखायचा तर क्लिप पुन्हा लावायची. लपवलेला गॅग दुसऱ्यांदा कोरडा पडतो. दिशाभुलीत लोक बोट दाखवतात, "अरे, ही तर पहिल्यापासून उभी आहे!" तसं झालं, पण मोबाइलवर नाही. तिथे राखाडी गाय भिंतीतच विरून गेली आणि पुन्हा तोच प्रश्न आला. शेवटी गायीच्या कपाळावर एक पांढरा ठिपका दिला.