प्रभाव मूल्यमापन आणि तुलना गट

एखाद्या सार्वजनिक योजनेमुळे लोकांच्या परिस्थितीत नेमका किती फरक पडला, हे मोजण्याच्या पद्धतीला प्रभाव मूल्यमापन म्हणतात. निधी किती खर्च झाला, लाभार्थी किती नोंदले गेले, बंधारे किती बांधले याचा हिशेब म्हणजे देखरेख. प्रभाव मूल्यमापनाचा प्रश्न वेगळा असतो. योजना आली नसती, तर याच लोकांचे याच काळात काय झाले असते? हे ‘झाले असते’ कुणालाही प्रत्यक्ष दिसत नाही, कारण तेच मूल एकाच वर्षी योजनेत आणि योजनेबाहेर असू शकत नाही. म्हणून शक्य तितक्या सारख्या, पण योजना न मिळालेल्या लोकांकडे पाहून त्याचा अंदाज बांधावा लागतो. अशा लोकांच्या समूहाला तुलना गट म्हणतात.

तुलना कोणाशी केली यावर उत्तर किती बदलते, हे ‘बालसखी’ कार्यक्रमाच्या आकड्यांवरून फार स्वच्छ दिसते. ‘प्रथम’ या संस्थेने मुंबईत सुरू केलेल्या या कार्यक्रमात वस्तीतलीच, माध्यमिक शिक्षण झालेली तरुणी सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण घेऊन महापालिकेच्या शाळेत येत असे. वाचन आणि अंकज्ञानात मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना ती वर्गातून बाजूला घेई आणि शाळेच्या वेळातले रोज सुमारे दोन तास शिकवी. बाकीची मुले नेहमीच्या शिक्षकांकडेच राहत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा येथे या कार्यक्रमाचे मूल्यमापन केले. त्यातल्या आकड्यांवर जे-पाल या संशोधन संस्थेने एक प्रशिक्षण पाठ तयार केला. पुढचे गुण त्या पाठातले आहेत.

आधी आणि नंतर

बालसखीकडे गेलेल्या मुलांचे वर्षाच्या सुरुवातीच्या चाचणीतले सरासरी गुण २४.८० होते, वर्षअखेरीस ते ५१.२२ झाले. म्हणजे वाढ २६.४२ गुणांची, दुपटीहून जास्त. अहवालात एवढीच जोडी छापली, तर कार्यक्रम विलक्षण यशस्वी ठरतो.

पण या २६.४२ गुणांत बऱ्याच गोष्टी मिसळलेल्या आहेत. मूल वर्षभराने मोठे झाले. शिक्षकांनी वर्षभर तोच अभ्यासक्रम शिकवला. तशाच चाचणीला मूल दुसऱ्यांदा बसले, त्यामुळे प्रश्नांचा साचा ओळखीचा झाला. या सगळ्यांत बालसखीचा वाटा किती, हे त्या दोन आकड्यांतून वेगळे काढता येत नाही. मुलांची संख्या दहापट केली तरी येत नाही. मोठ्या नमुन्याने आकडा स्थिर होतो, पण चुकीच्या प्रश्नाचे उत्तर बरोबर होत नाही.

यात आणखी एक दोष लपलेला असतो. तो सहज लक्षात येत नाही, म्हणून त्याकडे नीट पाहायला हवे. एका दिवसाच्या चाचणीत मुलाची खरी तयारी दिसते आणि त्या दिवसाची परिस्थितीही. कुणाला ताप असतो, कुणी सूचना नीट ऐकलेली नसते, कुणाचे अंदाज चुकतात. सर्वांत कमी गुणांची मुले वेगळी काढली, की त्यांत खरोखर मागे असलेली मुले येतात आणि ज्यांचा तो एक दिवस वाईट गेला तीही येतात. पुढच्या चाचणीत या दुसऱ्या मुलांचे गुण कुणी काहीही न करता वर सरकतात. याला सरासरीकडे परतणे म्हणतात. जी योजना सर्वांत वाईट स्थितीतल्या शाळा, गावे किंवा कुटुंबे निवडते, तिच्या आधी-नंतरच्या आकड्यांत ही फुकटची वाढ आलेली असू शकते. मोजमापात दैवाचा भाग जितका जास्त, तितकी ती मोठी.

जवळची तुलना आणि तिची खोट

यावर साधा उपाय म्हणून त्याच शाळांतल्या, बालसखीकडे न गेलेल्या मुलांशी तुलना करावी असे वाटते. त्यांचे वर्षअखेरचे गुण ५६.२७ होते. बालसखीच्या मुलांचे ५१.२२. फरक उणे ५.०५. म्हणजे तोच कार्यक्रम आता मुलांचे नुकसान करणारा दिसतो! कारण उघड आहे: मागे असलेली मुलेच तर बालसखीकडे पाठवली होती. वर्षाच्या सुरुवातीला बाकीच्या मुलांचे गुण ३६.६७ होते, जवळजवळ बारा गुणांनी पुढे.

मग दोन्ही गटांची वाढ काढून त्या वाढींची वजाबाकी करता येते. बालसखीच्या मुलांची वाढ २६.४२, बाकीच्यांची १९.६०, फरक ६.८२. याला फरकातला फरक म्हणतात. सुरुवातीची दरी यात वजा होते, दोन्ही गटांना सारखे लागू होणारे वय आणि वर्षभराचे शिक्षणही वजा होते. मात्र ही पद्धत एक गोष्ट धरून चालते: बालसखी आली नसती, तर दोन्ही गटांचे गुण सारख्याच वेगाने वाढले असते. इथे ते धरणे धाडसाचे आहे. कमी गुणांमुळे निवडलेला गट सरासरीकडे परतताना थोडा जास्त वर येणार, आणि ती वाढ योजनेच्या खात्यात जमा होणार. उलट, पंधरा-वीस मुले बाहेर गेल्याने मूळ वर्गातली गर्दी कमी होते. त्याचा बाकीच्यांना लाभ झाला, तर योजनेचा परिणाम आहे त्याहून लहान दिसेल. असे गृहीतक तपासायचे तर आधीच्या दोन-तीन वर्षांचे गुण हवेत. त्या वर्षांतही दोन गटांच्या रेषा समांतर जात नसतील, तर पुढची वजाबाकी करण्यात अर्थ नाही.

चिठ्ठीने ठरवलेला तुलना गट

बालसखीच्या मूल्यमापनात शाळा चिठ्ठीने, म्हणजे यादृच्छिक पद्धतीने वाटल्या होत्या. वडोदऱ्यात २००१-०२ साली निम्म्या शाळांना तिसरीसाठी बालसखी मिळाली आणि उरलेल्या निम्म्यांना चौथीसाठी. त्यामुळे पहिल्या गटातल्या तिसरीची तुलना दुसऱ्या गटातल्या तिसरीशी करता आली आणि चौथीची तशीच उलट बाजूने. पुढच्या वर्षी वाटप फिरवले. या रचनेत एकही शाळा रिकाम्या हाताने राहत नाही. तुलना गटाला काहीच न देणे मुख्याध्यापकांना आणि अधिकाऱ्यांना मान्य होणे अवघड असते, म्हणून ही रचना इतर योजनांनाही वापरण्याजोगी आहे. निधीअभावी योजना टप्प्याटप्प्याने न्यायची असेल, तर कोणाचा नंबर पहिला हे सोडतीने ठरवले तरी असाच तुलना गट हाती येतो.

चिठ्ठीमुळे घडते ते एवढेच, की कोणती शाळा कुठल्या गटात जाईल याचा मुलांच्या हुशारीशी, मुख्याध्यापकांच्या उत्साहाशी किंवा वस्तीच्या उत्पन्नाशी संबंध उरत नाही. न मोजलेल्या गोष्टीही दोन गटांत सरासरीने सारख्या वाटल्या जातात. या तुलनेतून आलेला आकडा ५.८७ गुणांचा होता. आधी-नंतरच्या वाढीच्या तो पाव हिस्साही नाही, तरी खरा लाभ दाखवतो. फरकातला फरक या वेळी त्याच्या जवळ पोचला, पण तसे प्रत्येक वेळी होईल याची खात्री देता येत नाही. संपूर्ण अभ्यासात वाढ प्रमाण विचलनात, म्हणजे मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्या मापात मोजली. पहिल्या वर्षी सरासरी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलन इतकी वाढ दिसली. ती मुख्यतः मागे असलेल्या मुलांत होती. मूळ वर्गात राहिलेल्या मुलांत मोजण्याजोगा फरक आढळला नाही. कार्यक्रम सुटल्यावर एका वर्षाने लाभ ०.१० प्रमाण विचलनाच्या आसपास उतरला होता. वर्षअखेरीस मोजून थांबले असते, तर हे कळले नसते.

कुठे बिघडते

वाटप शाळांचे असेल, तर शाळांची संख्या महत्त्वाची, मुलांची नव्हे. एका शाळेतल्या मुलांना तेच शिक्षक, तीच वस्ती मिळते, म्हणून त्यांचे गुण एकमेकांसारखे असतात. समजा प्रत्येक शाळेत ६० मुले तपासली आणि त्यांच्या गुणांतल्या सारखेपणाचा गुणांक ०.२ आहे. मग एक मूल सोडून उरलेल्या ५९ ला त्या गुणांकाने गुणून त्यात एक मिळवायचा: १ + ५९ × ०.२ = १२.८. ६० ला १२.८ ने भागले की ४.७ येते. म्हणजे त्या ६० मुलांकडून मिळणारी माहिती सुमारे पाच स्वतंत्र मुलांइतकीच. योजनेच्या चार आणि तुलनेच्या चार शाळा घेऊन पाचशे मुले तपासली, असे सांगणारा अहवाल म्हणूनच फारसे काही सांगत नाही. शाळेतली मुले थोडी कमी घ्यावीत, शाळा वाढवाव्यात.

वर्षअखेरच्या चाचणीला कोण हजर नाही, हेही पाहावे लागते. योजनेच्या शाळांत कच्ची मुले टिकून राहिली आणि तुलनेच्या शाळांत ती गळाली, तर चांगली योजना वाईट दिसेल. दोन्ही गटांतल्या गळतीचे प्रमाण तर ताडावेच, शिवाय गळालेल्या मुलांचे पायाभूत चाचणीतले गुणही ताडावेत. गैरहजर मुलांच्या घरी जाऊन चाचणी घेणे खर्चिक असते, पण त्या खर्चात काटकसर करू नये.

नेमून दिलेली योजना सगळीकडे पोचतेच असे नाही. मुंबईत दुसऱ्या वर्षी काही शाळांना ठरलेली बालसखी मिळाली नाही, तरी त्या शाळा योजना गटातच मोजल्या गेल्या. त्यांना वगळले, तर उरतात त्या कारभार नीट चालणाऱ्या शाळा, आणि चिठ्ठीने साधलेला सारखेपणा तिथेच संपतो.

चिठ्ठी शक्य नसते तेव्हा

जलसंधारणात हा प्रश्न नेहमी येतो. महाराष्ट्रात डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले. २०१४ आणि २०१५ ही कमी पावसाची वर्षे होती, २०१६ मध्ये पाऊस चांगला झाला. बंधाऱ्याच्या कामाआधीची पातळी २०१५ ची आणि नंतरची २०१६ ची घेतली, तर विहिरीतले पाणी वर आलेले दिसणारच. त्यात पावसाचा वाटा किती आणि बंधाऱ्याचा किती, हे त्या दोन नोंदी सांगू शकत नाहीत. सर्वाधिक टंचाईची गावे आधी निवडली असतील, तर सरासरीकडे परतण्याचा दोषही त्यात मिळतो.

इथे तुलनेची गावे शोधताना महसूल मंडळ तेच असावे, म्हणजे पावसाची नोंद जवळपास सारखी मिळते. खडकाचा प्रकार, जमिनीचा उतार आणि उसासारख्या पिकाखालचे क्षेत्रही जुळावे. पातळी एकाच महिन्यातली घ्यावी. ऑक्टोबरची मे महिन्याशी ताडू नये. ओढ्याच्या खालच्या अंगाचे गाव मात्र तुलनेला कधीच घेऊ नये. वर अडवलेले पाणी तिथे कमी पोचले, तर त्या गावाची विहीर खाली जाते आणि वरच्या गावाचा लाभ दुप्पट भासतो. शेजारच्या पाणलोटातले गाव घ्यावे, आणि खालच्या गावाची पातळी वेगळी मोजून तीही अहवालात द्यावी, कारण तिथे झालेली घट हाही योजनेचाच परिणाम आहे.