टाळी-प्रतिसादातून तालशिक्षण (खानदेश)

तीन ते सात वर्षांच्या मुलांना वाद्य हातात न देता, टाळी, मांडीवरची थाप, पायाचा ठेका आणि बोललेले शब्द यांच्या आधारे लय शिकवण्याची पद्धत. शिकवणारी व्यक्ती चार मात्रांचा एक तुकडा वाजवते आणि मुले तोच तुकडा पुढच्या चार मात्रांत परत करतात. नंतर तोच तुकडा न थांबता फिरत राहतो, म्हणजे त्याचे आवर्तन होते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतल्या अंगणवाडीत किंवा पहिली-दुसरीच्या वर्गात ही पद्धत कशी बसते, कुठे अडते, याचा विचार या नोंदीत केला आहे.

युरोपात या शिक्षणाला आकार आला तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. जिनिव्हा येथे शिकवणारे एमिल जाक-दालक्रोझ (1865–1950) यांनी लय आधी शरीराच्या हालचालीतून शिकवायला सुरुवात केली. म्युनिकमध्ये 1924 साली डोरोथे ग्युंटर यांच्यासोबत शाळा काढणारे संगीतकार कार्ल ऑर्फ यांच्या परंपरेत अंगाच्या आवाजांचे चार थर पक्के झाले: पाय आपटणे, मांडी थापटणे, टाळी आणि चुटकी. आपल्याकडे हाताने टाळी आणि खाली, म्हणजे तालातली बिनटाळीची जागा, दाखवत ताल मोजणे आणि तबल्यावर बोट ठेवण्याआधी बोल तोंडाने म्हणणे, म्हणजे पढंत, हे जुनेच आहे. दोन्हीकडची मूळ गोष्ट एकच: आधी शरीर आणि तोंड, मग वाद्य.

खानदेशातल्या मुलांच्या कानावर लय काही शाळेत पहिल्यांदा पडत नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाईची गाणी टिपऱ्यांवर चालतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर गाणी म्हटली जातात, आणि झोका स्वतःच ठेका धरून असतो. सातपुड्यात होळीचा ढोल असतो. असे असूनही वर्गात चार टाळ्या एका चालीत मारताना मूल अडखळते. कारण गाण्यात लय ऐकणे वेगळे आणि आपल्या हाताने ती धरून ठेवणे वेगळे. टिपरी खेळणाऱ्या थोरल्या बहिणीशेजारी धाकटी पोर फक्त टिपऱ्या आपटत असते, तिला ठेका सापडायला अजून वर्ष-दोन वर्षे लागतात.

सुरुवात टाळीने नव्हे, मांडीने करावी. टाळीत दोन हातांनी हवेत एकमेकांना गाठायचे असते. मांडीवर हात आपल्याच वजनाने पडतात, आणि दोन्ही हात एकदम खाली आले की चूक होण्यासारखे फारसे काही उरत नाही. एकाआड एक हात, किंवा उजवा हात डाव्या मांडीवर, हे खूप नंतरचे. चुटकी बहुतेक पाच वर्षांच्या मुलांना वाजतच नाही. तिथे दोन बोटे तळहातावर मारू द्यावीत.

चाल किती ठेवायची? इथे मोठी माणसे पहिली चूक करतात. सोपे जावे म्हणून ती संथ वाजवतात. लहान मुलाची स्वतःची चाल मोठ्या माणसापेक्षा जलद असते, आणि दोन ठोक्यांमधली लांब जागा सांभाळणे त्याला अवघड जाते. मिनिटाला सुमारे 120 ठोके ही सुरुवात वर्गात चालते. मोजायला यंत्र लागत नाही, घड्याळाच्या 15 सेकंदांत 30 थापा आल्या की झाले. मोबाइलवरच्या टिकटिकीपेक्षा समोरची व्यक्ती बरी, याला आधार आहे. सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांच्या 2009 मधील अभ्यासात अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांनी यंत्रापेक्षा माणसासोबत ढोल वाजवताना ठेका अधिक नेमका धरला.

आता एक तुकडा घेऊन पाहू. शब्द इथल्या स्वयंपाकघरातले: ‘वांगं भाजू, भाकर खा’. पहिल्या मात्रेत ‘वां-गं’, दुसरीत ‘भा-जू’, तिसरीत ‘भा-कर’ आणि चौथीत एकटे ‘खा’. म्हणजे तीन मात्रांत दोन-दोन टाळ्या आणि शेवटी एक लांब टाळी. मूल मोजत नाही, ते वाक्य म्हणते, आणि हात वाक्यामागे जातात.

या शब्दांची निवड सहज केलेली नाही. खानदेशात वांगं म्हटले की भरीत आठवणार, मग तुकड्यात ‘भरीत’ का नको? कारण ‘भ’ ऱ्हस्व आहे आणि ‘रीत’ लांब. मूल हा शब्द टाळीवर म्हणते तेव्हा पहिली टाळी घाईत पडते आणि दुसरी ताणली जाते. मात्रेचे दोन समान भाग होत नाहीत. ‘धुळे’ची तीच गत. ‘वांगं’, ‘भाकर’, ‘केळी’, ‘जळगाव’ या शब्दांत दोन्ही अवयव, म्हणजे एका झटक्यात उच्चारले जाणारे भाग, साधारण सारख्या वजनाचे आहेत, म्हणून हात आपोआप सारखे पडतात. छंद शिकलेल्यांना यात लघु-गुरू लगेच दिसतील. बालवाडीत ते नाव घ्यायची गरज नाही, पण शब्द निवडणाऱ्याला ते ठाऊक हवे. एक आनुषंगिक गोष्ट: अहिराणी किंवा लेवा बोलीच्या घरातले मूल ‘केळी’ला ‘केयी’ म्हणून परत करील. लयीच्या दृष्टीने त्यात काहीच बिघडत नाही, कारण लांबी तीच राहते. त्या क्षणी उच्चार सुधारायला थांबलेल्या ताई मात्र वर्गाची लय मोडतात.

क्रम असा असतो. आधी सगळे मिळून मांडीवर फक्त ठोका धरतात आणि वाक्य तोंडाने म्हणतात, हात प्रत्येक मात्रेला एकदाच पडतो. दोन-तीन दिवसांनी शब्दांच्या प्रत्येक अवयवावर टाळी येते. मग देवाणघेवाण सुरू होते. ताई चार मात्रा म्हणतात आणि वाजवतात, मुले पुढच्या चार मात्रांत परत करतात, मध्ये विश्रांती नाही. 120 च्या चालीत एक फेरी चार सेकंदांची होते. या आठ मात्रा केरवा तालाच्या एका आवर्तनाएवढ्या आहेत. ताईंचा तुकडा समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, सुरू होतो, मुलांचा पाचव्या मात्रेवर, जिथे केरव्याची खाली असते. गावातला कुणी ढोलकी वाजवणारा असेल तर त्याने सोबत साधा केरवा धरला की फेरी कोसळत नाही. मात्र त्याने हौसेने लग्गी, म्हणजे जलद आणि भरगच्च वाजवणे, सुरू केली की मुले ढोलकीकडे बघत बसतात. शेवटी शब्द ओठांत, मग मनात, आणि हातात फक्त टाळ्या.

सगळ्यात नेहमीची अडचण म्हणजे मुले ताईंच्या नंतर न वाजवता ताईंसोबतच वाजवतात. मुलांना ‘थांबा’ सांगून हे सुटत नाही. बहुतेक वेळा मुलांच्या पाळीत ताईंचे हातही चालू असतात, मदत म्हणून. मग ऐकायची पाळी आणि वाजवायची पाळी यांत फरकच दिसत नाही. आपली पाळी संपताच ताईंनी तळहात मुलांकडे उघडे करावेत आणि स्वतः फक्त पायाने ठोका धरावा. एवढ्याने न सुटल्यास तुकडा लांब आहे असे समजून दोन मात्रांवर उतरावे: ‘वांगं भाजू’, एवढेच. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांचा मुक्काम इथेच असतो, आणि कित्येकदा त्याच्याही अलीकडे, नुसत्या ठोक्यावर.

दुसरी अडचण हळूहळू शिरते. फेऱ्या वाढतात तशी चाल चढते. सुरुवातीला 15 सेकंदांत 30 ठोके असतात, दहाव्या फेरीला ते 35 होतात, आणि वाजवणाऱ्या कुणालाच ते जाणवत नाही, कारण सगळेच एकत्र पळत असतात. याचे कारण बऱ्याचदा आवाजात असते. टाळी जोरात वाजली की उत्साह चढतो आणि शेजाऱ्याचा ठोका ऐकू येत नाही. दोन बोटांनी टाळी वाजवायला सांगितले की आवाज निम्म्यावर येतो, मुले एकमेकांना ऐकतात आणि चाल बसते. पत्र्याच्या छपराखाली तर हे करावेच लागते. तिथे टाळी छपरावरून परत येते आणि कोणती आपली, कोणती छपराची, हे मुलांना कळत नाही. शक्य तर सकाळीच अंगणात निंबाखाली जावे. खानदेशातल्या उन्हाळ्यात दहानंतर बाहेर बसणे होत नाही.

पण खरी कसोटी टाळीत नसून न वाजवलेल्या मात्रेत आहे. ‘वांगं भाजू, भाकर’ एवढेच म्हणायचे आणि चौथी मात्रा मोकळी सोडायची, असे सांगितले की बहुतेक मुले ती जागा गिळून टाकतात. तीन मात्रा संपताच पुढची फेरी सुरू होते आणि चारचा ताल तीनचा होऊन बसतो. हे ओळखायची खूण सोपी आहे: ताईंचा पाय अजून चौथ्या मात्रेवर असताना मुलांची पहिली टाळी आलेली असते. मोकळी मात्रा म्हणजे ‘काही नाही’ असे मुलाला वाटते, आणि काही नसलेल्या गोष्टीला तेवढाच वेळ लागतो हे त्याला समजावून सांगता येत नाही. तिथे हालचाल ठेवावी लागते. खाली दाखवताना हात जसा उलटा होतो, तसे दोन्ही तळहात बाजूला उघडायचे, आणि पहिल्या आठवड्यात त्यावर हळूच ‘शू’ म्हणायचे. मग ‘शू’ जातो, नंतर हातांची हालचाल लहान होत जाते. शेवटी फक्त मान हलते. यातली एखादी पायरी गाळली तर मुले पुन्हा तीनवर येतात, आणि मग मागच्या पायरीवर जाण्यावाचून इलाज नसतो.

आवर्तन धरून ठेवणे याच्या पुढचे. वर्गाचे दोन गट करून एकाने पायाने डावा-उजवा ठोका धरायचा आणि दुसऱ्याने त्यावर ‘वांगं भाजू’ फिरवायचे, हे सहाव्या-सातव्या वर्षी जमू लागते. त्याआधी ठोक्याचा गट दुसऱ्याच्या टाळ्यांत ओढला जातो. पायाच्या गटात मोठी मुले ठेवली आणि दोन गट समोरासमोर न बसवता पाठीला पाठ लावून बसवले की ओढ कमी होते. गट बदलायची खूण शब्दाने देऊ नये, शब्द ऐकताच सगळे थांबतात. ताईंनी हात वर केला की पुढच्या समेवर बदल, असे ठरवावे.

कुठल्या मुलाला ठोका सापडला आणि कोण शेजाऱ्याच्या हाताकडे बघून चालवत आहे, हे घोळक्यात कळत नाही. चालू फेरीत ताईंनी स्वतः एकदम गप्प व्हावे आणि पाय बघावेत. ज्यांचे पाय पुढचे आठ ठोके त्याच चालीत चालू राहतात, त्यांना ठोका सापडला. ज्यांचे डोळे आधी शेजारी जातात आणि पाय मग हलतात, त्यांच्यासोबत पुन्हा मांडीवरच्या थापेपासून बसावे. ऐकू कमी येणाऱ्या मुलाला मात्र या कसोटीने मागे टाकू नये. त्याला लाकडी पाटावर अनवाणी उभे केले आणि त्याच पाटावर कुणी पायाने ठोका दिला, तर तो तळव्यातून पोचतो, आणि मग हातही त्यामागे येतात.