मिरची शीतगृहात ठेवताना : पावती, नुकसानीची जबाबदारी आणि थकलेल्या भाड्यासाठी अडवलेला माल
(तुर्भे एमआयडीसीतील आमच्या शीतगृहाच्या शेतकरी व व्यापारी ग्राहकांसाठी)

मार्च-एप्रिलमध्ये वाशीच्या मसाला मार्केटमधून सुकी लाल मिरची आमच्याकडे यायला लागते आणि पावसाळा उलटेपर्यंत ती इथेच राहते. वाद होतात ते बहुतेक माल बाहेर काढताना. त्यांचे मूळ मात्र माल आत आला त्या दिवशीच्या पावतीत असते, म्हणून आधी पावतीबद्दल.

पावतीवर काय असले पाहिजे

पावतीवर पोत्यांची संख्या आणि वजन असतेच. पण नुसते '३०० पोती मिरची' एवढेच लिहिलेली पावती नुकसानीच्या वेळी कोणाच्याच कामाची नसते. आमच्या पावतीवर मालाची जात, प्रत्येक मार्क्याची पोती वेगळी, काट्यावरचे वजन, कोणत्या खोलीत कोणत्या थप्पीला माल लावला आणि आत घेताना मोजलेला ओलावा एवढे लिहिलेले असते. यातला शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. मिरचीत १० ते ११ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर ती थंडीत महिनोन्महिने रंग धरून राहते. १४ टक्क्यांची मिरची ५-६ अंशांतही सुरक्षित नसते. थंडीने बुरशीची वाढ मंदावते, पण ती मरत नाही.

म्हणून गाडी उतरवताना प्रत्येक मार्क्यातली काही पोती आम्ही उघडतो. वरची मूठभर मिरची न घेता पोत्याच्या मध्यातून हात घालून नमुना काढतो आणि तो मीटरवर लावतो. त्या वेळी आपण स्वतः किंवा आपला माणूस हजर असावा आणि आकड्यासमोर त्याची सही असावी. ओलावा जास्त निघाला तर तीन मार्ग असतात : माल परत नेऊन वाळवायचा, तो मार्का वेगळ्या थप्पीला लावून लवकर काढायचा, किंवा 'ओलावा जास्त, बुरशीची शक्यता ग्राहकाला सांगितली' असा शेरा घेऊन ठेवायचा. हा शेरा बघून काही ग्राहक नाराज होतात. पण मालात आपल्याला ठाऊक असलेला दोष ठेवून घेणाऱ्याला सांगणे हे भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५० प्रमाणे माल ठेवणाऱ्याचे कर्तव्य आहे. शिवाय त्या शेऱ्यामुळे आपल्या बाकीच्या चांगल्या मालाचा हक्क शाबूत राहतो. तो कसा, ते खालच्या उदाहरणात दिसेल.

आमची पावती बँकेत तारण ठेवून किंवा मागे सही करून दुसऱ्याला देण्याची नाही. तशी परक्राम्य पावती २००७ च्या गोदाम कायद्याप्रमाणे फक्त डब्ल्यूडीआरए या गोदामांच्या नियामक प्राधिकरणाकडे नोंदलेले गोदाम देऊ शकते आणि ती आता इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघते. आमच्याकडे असलेला माल आपण आतल्या आत दुसऱ्याला विकलात, तर विक्रीचे पत्र आणि मूळ पावती घेऊन या. आम्ही जुनी पावती रद्द करून खरेदीदाराच्या नावाची नवी देतो. तोवर माल आणि त्याचे भाडे दोन्ही आपल्याच नावावर राहते, पैसे कोणीही कोणाला दिलेले असोत.

माल खराब झाला तर कोण भरणार

कायद्याचा नियम साधा आहे. शहाणा माणूस तसल्याच मालाची, स्वतःचा असता तर जेवढी काळजी घेईल, तेवढी आम्ही घ्यायची (कलम १५१). तेवढी घेऊनही माल बिघडला तर, करारात वेगळे ठरले नसेल तेव्हा, आम्ही जबाबदार नाही (कलम १५२). मात्र माल आमच्या ताब्यात असतो. खोलीत काय घडले हे आपल्याला दिसत नाही. त्यामुळे काळजी घेतली हे दाखवणे आमचे काम आहे. त्यासाठी दर खोलीचे तापमान आणि आर्द्रता रोज नोंदली जाते, वीज गेल्याची आणि जनरेटर सुरू झाल्याची वेळ लिहिली जाते. ही वही आपण कधीही मागू शकता. 'माल मालकाच्या जोखमीवर' असा शिक्का आमच्या पावतीवर नाही. आमच्या हयगयीने झालेले नुकसान एका शिक्क्याने झटकून टाकणे आम्हाला पटत नाही.

आता एक उदाहरण. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत.

१२ मार्चला ४० किलोची ३०० पोती आली. 'अ' मार्क्याची २०० पोती, ओलावा साडेदहा टक्के. 'ब' मार्क्याची १०० पोती, ओलावा १४ टक्के, पावतीवर वर सांगितलेला शेरा. २८ ऑगस्टला माल काढताना ४० पोत्यांत बुरशी निघाली. त्यातली २२ पोती 'ब'ची होती आणि १८ 'अ'ची.

बुरशी कुठून सुरू झाली हे पोते फाडून पाहिले की बहुतेक वेळा कळते. 'ब'च्या पोत्यांत बाहेरून काहीच दिसत नव्हते. मधली मिरची हातात घेऊन मोडली तर आत बियांभोवती राखाडी-पांढरे जाळे होते. ही ओलाव्याची खूण. मिरची आतून ओली होती आणि ते पावतीवर लिहिलेले होते. 'अ'ची १८ पोती मात्र एकाच बाजूने खराब होती. तागावर पाण्याचा तपकिरी ओघळ, त्याच्या आत चार बोटे खोलीपर्यंत काळी पडलेली मिरची, आणि पलीकडची बाजू कोरडी, लालभडक. थप्पीची जागा पावतीवर होती. ती कूलिंग युनिटच्या थेट खाली होती. युनिटच्या ट्रेची नळी तुंबली होती आणि डीफ्रॉस्टचे पाणी भिंतीकडच्या रांगेवर टपकत राहिले होते. ही चूक आमची.

त्याच जुलैत एका रात्री नऊ तास वीज गेली होती आणि खोली ६ वरून ९ अंशांवर गेली होती. नुकसानीचे खापर बऱ्याचदा अशा घटनेवर फुटते. पण कोरडी मिरची एका रात्रीच्या तीन अंशांनी कुजत नाही. द्राक्षाची गोष्ट वेगळी, तिथे तीन अंश महाग पडतात.

हिशेब असा : १८ पोती × ४० किलो = ७२० किलो. त्या दर्जाच्या मिरचीचा माल काढण्याच्या दिवशीचा बाजारभाव किलोला १८० रुपये, म्हणून भरपाई १,२९,६०० रुपये. माल ठेवला त्या दिवशी भाव १६५ होता. तो धरला असता तर रक्कम १,१८,८०० झाली असती. कोणत्या दिवसाचा भाव धरायचा हे आमच्या करारात लिहिलेले आहे : माल काढण्याच्या दिवसाचा. आपण दुसऱ्या कुठेही माल ठेवत असाल तर ही ओळ शोधून वाचा. 'ब'च्या २२ पोत्यांची भरपाई नाही. पण तो शेरा नसता तर सगळी ४० पोती एकाच वादात अडकली असती आणि आपल्या १८ पोत्यांचा निकालही लांबला असता. बुरशी लागलेली मिरची दळून चांगल्यात मिसळू नका. आमच्याकडून भरपाई घेतलेला माल आम्ही पंचनामा करून नष्ट करतो.

तिसऱ्या प्रकारची बुरशीही असते. ती आमच्या दारातून माल बाहेर पडल्यावर लागते. सहा अंशांतले पोते पावसाळ्यातल्या तुर्भ्याच्या दमट हवेत आणले की गार पाण्याच्या तांब्यासारखा त्याला घाम फुटतो. ओले पोते ताडपत्रीखाली बांधून ट्रकने गेले की दोन-तीन दिवसांत पोत्याच्या सगळ्या बाजूंनी पातळ पांढरा थर दिसतो. म्हणून माल काढायच्या आदल्या दिवशी कळवा. आम्ही तो एक रात्र मधल्या खोलीत ठेवून मग गाडीत भरतो. 'आत्ताच भरा' असा आग्रह असेल तर तसे लिहून घेऊन भरतो, आणि त्या घामाची जबाबदारी मग आमची नसते.

आगीच्या विम्यात यंत्र बिघडून खराब झालेला माल येत नाही, त्याचा विमा वेगळा असतो. आपण काय उतरवले आहे ते एकदा तपासा.

थकलेले भाडे आणि लियन

भाडे बाकी असताना माल अडवून ठेवण्याच्या हक्काला धारणाधिकार म्हणतात. बाजारात सगळे लियनच म्हणतात. याबद्दल दोन्ही बाजूंचे गैरसमज आहेत.

कलम १७० प्रमाणे मालावर श्रम किंवा कौशल्य वापरून काम केले असेल तर त्या कामाच्या पैशांसाठी तो माल रोखता येतो. नुसत्या भाड्यासाठी हे कलम लागू होते का, यावर वाद होऊ शकतो. म्हणून आमच्या करारात लियनचे कलम स्पष्ट लिहिलेले आहे आणि पावतीवरही त्याचा उल्लेख आहे. दुसरे असे की, जुन्या कोणत्याही बाकीसाठी हातातला कोणताही माल अडवण्याचा सर्वसाधारण हक्क कलम १७१ बँका, अडते, धक्केवाले, हायकोर्टाचे ॲटर्नी आणि विमा दलाल यांना देते. त्या यादीत शीतगृह नाही. गेल्या वर्षीच्या सफरचंदांचे भाडे थकले म्हणून यंदाची मिरची अडवायची असेल तर तसे करारात आधी लिहिलेले हवे. आमच्या करारात ते नाही. त्याच मालाची बाकी असेल तरच तो माल आम्ही रोखतो.

वरच्या ३०० पोत्यांचे भाडे महिन्याला पोत्यामागे २५ रुपयांप्रमाणे सहा महिन्यांचे ४५,००० रुपये झाले. आत-बाहेरची हमाली आणि तोलाई ९,००० धरली तर एकूण ५४,००० होतात. माल व्यवस्थित असता आणि ही रक्कम थकली असती, तर सगळी ३०० पोती अडवणे हा अन्याय ठरला असता. एका पोत्याची किंमत ७,२०० रुपये. आम्ही बाकीच्या सव्वापट, म्हणजे ६७,५०० रुपयांना पुरेल एवढाच माल ठेवतो. तो १० पोती होतो. उरलेली २९० पोती आपण नेऊ शकता. मात्र ही सव्वापटीची मर्यादा आमच्या करारातली आहे. कायद्याने ती आपोआप मिळत नाही.

उदाहरणातल्या ग्राहकाचा एकही दाणा अडवता येत नाही, कारण आमच्याकडून येणे १,२९,६०० आणि देणे ५४,०००. आम्हीच त्याला ७५,६०० रुपये द्यायचे असतात. भरपाईवर वाद असेल तेव्हा वादातली नसलेली बाकी भरून माल सोडवा आणि वादाची रक्कम पावतीच्या मागे लिहून दोघांच्या सह्या घ्या. माल अडकून पडला की भाडे चढत राहते आणि भावही हातचा जातो.

लियन म्हणजे रोखण्याचा हक्क. कलम १७० मधून विकण्याचा हक्क मिळत नाही, तो करारातून येतो. आमच्या करारात १५ दिवसांची लेखी नोटीस, त्यानंतर उघड लिलाव आणि आमची बाकी वजा जाता उरलेली रक्कम आपल्या खात्यात, असे लिहिले आहे. मालावर बँकेचे कर्ज असेल तर माल आत येतानाच सांगा. नंतर कळले तर बँक, आपण आणि आम्ही तिघेही अडकतो.

माल काढायला येताना मूळ पावती, सहीचे अधिकारपत्र आणि पोती उघडून पाहू शकेल असा माणूस आणा. नुकसान दिसले तर पोती गेटच्या आतच वेगळी काढा, पोत्यासह फोटो घ्या आणि गेटपासवर शेरा लिहा. घरी गेल्यावर दिसले तर ४८ तासांत, दुसऱ्या मालात मिसळण्याआधी कळवा. पोते फेकू नका. पाणी कुठल्या बाजूने आले ते तागावरच्या डागावरून कळते.