धडा लोकसंख्येचा, पान एकच

लोकसंख्येच्या वितरणाच्या धड्यात साधारण दोन-तीन नकाशे, एक मोठा तक्ता आणि एखादा स्तंभालेख असतो. हे सगळं लहान करून एका पानावर बसवलं की बारीक अक्षरांचा तोच धडा पुन्हा तयार होतो. म्हणून धडा एका पानाच्या चित्रात मांडायचा तर आधी एक वाक्य ठरवायचं आणि चित्र त्यावर बेतायचं. इथे ते वाक्य असं घेऊ: ‘जमिनीच्या मानाने आशियात माणसं फार जास्त आहेत.’ ज्या आकड्याचा या वाक्याशी संबंध नाही तो पानावर येणार नाही, मग तो कितीही रंजक असो.

वाक्यात दोन गोष्टींची तुलना आहे, त्यामुळे शेजारी शेजारी दोन चौरस काढायचे, प्रत्येकात १०० घरं. ए-फोर कागद २१० मिमी रुंद असतो. दोन्ही बाजूंना १५ मिमी समास सोडला की १८० मिमी उरतात. ८ मिमीचं एक घर धरलं तर चौरस ८० मिमीचा होतो आणि दोन्हींच्या मध्ये २० मिमी मोकळे राहतात. डावा चौरस जमिनीचा, उजवा माणसांचा.

२०२२ साली जगाची लोकसंख्या सुमारे ८०० कोटी झाली. त्यातले साधारण ४७२ कोटी लोक आशियात, १४३ कोटी आफ्रिकेत, ७४ कोटी युरोपात, ६० कोटी उत्तर अमेरिकेत, साडेत्रेचाळीस कोटी दक्षिण अमेरिकेत आणि साडेचार कोटी ओशनियात. टक्के काढून पूर्णांक केले की ५९, १८, ९, ८, ५ आणि १ येतात. बेरीज बरोबर १००.

जमिनीच्या बाबतीत मात्र इथेच अडतं. आशिया २९.८ टक्के, आफ्रिका २०.३, उत्तर अमेरिका १६.२, दक्षिण अमेरिका ११.९, अंटार्क्टिका ९.५, युरोप ६.७ आणि ओशनिया ५.७. नेहमीच्या रीतीने पूर्णांक केले तर बेरीज १०१ होते आणि एक घर चौरसाबाहेर पडतं. अंदाजाने एखादं घर खोडू नये. आधी सगळ्यांचे अपूर्णांक सोडून द्यावेत: २९, २०, १६, ११, ९, ६, ५, म्हणजे ९६. उरलेली चार घरं ज्यांचा सोडलेला अपूर्णांक सर्वांत मोठा त्यांना द्यावीत. आशिया, दक्षिण अमेरिका, युरोप आणि ओशनिया यांना एकेक घर मिळतं, अंटार्क्टिका ९ वरच राहते.

सात खंडांना सात रंग देण्याचा मोह आवरावा. आशियाला एकच गडद रंग, बाकीच्यांना फिकट करडा. खंडांच्या मध्ये जाड रेघ आणि नावं घरांवरच. मग वेगळी सूची लागत नाही. डावीकडे ३० गडद घरं, उजवीकडे ५९: वाक्य न वाचताही डोळ्याला ते कळतं.

चौरसांऐवजी वर्तुळं काढणाऱ्यांची एक चूक हमखास होते. आशियाची लोकसंख्या आफ्रिकेच्या ३.३ पट, म्हणून वर्तुळाचा व्यासही ३.३ पट घेतला जातो. पण डोळा क्षेत्रफळ पाहतो, आणि ते जवळजवळ ११ पट झालेलं असतं. व्यास ३.३ च्या वर्गमुळाच्या पटीत, म्हणजे १.८ पट हवा: आफ्रिकेचं वर्तुळ ३ सेमीचं, तर आशियाचं ५.४ सेमीचं.

आता नकाशा. धड्यातला क्षेत्रघनी नकाशा जसाच्या तसा उतरवू नये, कारण त्यात एका प्रदेशाला सरसकट एकच छटा मिळते. त्याऐवजी टिंब पद्धत घ्यावी: एक टिंब म्हणजे ५ कोटी माणसं. जगभर १६० टिंबं होतात, आशियात ९४. ती खंडभर सारखी पसरली तर सायबेरिया आणि गोबीचं वाळवंट गजबजलेलं दिसेल. देशवार मोजून, प्राकृतिक नकाशा शेजारी ठेवून टिंबं द्यावीत. चीनची २८ टिंबं जवळपास सगळी पूर्व भागात जातात, भारताच्या २८ पैकी मोठा वाटा गंगेच्या मैदानात आणि जावा या एका बेटावर तीन. मैदानं, नद्या आणि पाऊस यांचा माणसांशी असलेला संबंध इथे आपोआप उमटतो, म्हणून या कामाला सगळ्यात जास्त वेळ द्यावा.

टिंबांची दाटी पाहायची तर त्यांच्या खालचा नकाशाही समक्षेत्र प्रक्षेपणाचा, म्हणजे क्षेत्रफळांचं प्रमाण खरं दाखवणारा हवा. मर्केटर प्रक्षेपणात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. जगाचा समक्षेत्र नकाशा बहुधा रुंदीच्या निम्म्या उंचीचा असतो, म्हणून १८० मिमी रुंदीला ९० मिमी उंची पुरते.

शेवटी पानाची काळी-पांढरी झेरॉक्स काढावी. आशियाचा रंग करड्यात मिसळला तर तो आणखी गडद करायचा. तळाशी आकड्यांचं वर्ष आणि ‘१ टिंब = ५ कोटी’ हे लिहायचं; ते विसरलं तर नकाशावरची टिंबं वाचताच येत नाहीत.